दाताचा टवका उडालाय? तुकडा आधी पाण्यात टाका

दहा वर्षांचा मुलगा पळता पळता पायरीला अडखळतो आणि तोंडावर आपटतो. ओठ फुटतो, रक्त येतं, सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. ओठ धुतल्यावर दिसतं की वरच्या समोरच्या दाताचा खालचा कोपरा तिरका तुटून गेलाय. कोणीतरी शोधाशोध करून तुकडा उचलतं, कागदी रुमालात नीट गुंडाळतं आणि खिशात ठेवतं. दीड तासाने दंतवैद्याकडे पुडी उघडते तेव्हा तुकडा जागेवर बरोबर बसतो, पण खडूसारखा पांढरा दिसतो आणि शेजारच्या दाताशी त्याचा रंग अजिबात जुळत नाही.

हे वरवर साधं वाटणारं उदाहरण घेण्याचं कारण असं की इथे सगळ्यांनी जवळजवळ सगळं बरोबर केलंय. चुकलाय तो फक्त रुमाल. तुकडा जपून ठेवायचा म्हणजे कोरडा, स्वच्छ ठेवायचा असं आपल्याला सहज वाटतं. दाताच्या बाबतीत मात्र ते उलटं आहे.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. ते जवळजवळ पूर्ण खनिज असतं, पण त्यातही अतिसूक्ष्म छिद्रं असतात आणि ती पाण्याने भरलेली असतात. पाणी उडून गेलं की तिथे हवा शिरते. इनॅमल आणि पाणी यांच्या सीमेवर प्रकाश थोडाच विखुरतो, इनॅमल आणि हवा यांच्या सीमेवर बराच जास्त. म्हणून वाळलेला तुकडा अपारदर्शक पांढरा दिसतो. तो खराब झालेला नसतो, नुसता तहानलेला असतो.

इनॅमलच्या आत डेंटिन असतं, आणि खरा प्रश्न तिथला आहे. डेंटिनमध्ये खनिजाबरोबर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची जाळी असते. तुकडा चिकटवताना दंतवैद्य आम्लाने वरचं खनिज काढून ही जाळी उघडी करतात आणि तिच्यात बॉन्डिंगचं द्रव मुरू देतात. ते आत शिरून घट्ट झालं की पकड मिळते. पण जाळी वाळली तर तंतू एकमेकांना चिकटून बसतात. रंगाचा ब्रश पाण्यात असताना त्याचे केस फुललेले असतात आणि बाहेर काढताच एकत्र येऊन टोक होतं, तसंच काहीसं. मग द्रव आत जायला वाटच उरत नाही आणि जोड कच्चा राहतो.

सुदैवाने हे बहुतांशी परत फिरवता येतं. दातांच्या इजांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चिकटवण्यापूर्वी तुकडा 20 मिनिटं पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवायचा असतो. आपल्या मुलाच्या बाबतीतही पहिलं काम तेच झालं. दंतवैद्यांनी तुकडा सलाइनच्या वाटीत टाकला आणि तेवढ्या वेळात तोंड तपासायला घेतलं.

तेव्हा घरी करायचं ते एवढंच: तुकडा सापडला की झाकण असलेल्या छोट्या डबीत पिण्याच्या पाण्यात टाकायचा. दूध किंवा सलाइन असेल तर तेही चालतं. गरम पाणी, स्पिरिट, जंतुनाशक यांतलं काही नको. माती लागली असेल तर साध्या पाण्याखाली धरायचा, ब्रशने घासायचा नाही. तुटलेल्या कडांचे बारीक कंगोरे हीच जागेवर बसण्याची खूण असते, ती झिजवून चालणार नाही. मुलाच्या गालात ठेवून नेऊ नका. रडणारं मूल तो गिळू शकतं किंवा तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि चपला-खेळणी जोडायचा झटपट गोंद तर हातातसुद्धा घेऊ नका. तो जागा चुकवून बसतो, आणि पुढे खरवडून काढताना त्याच कंगोऱ्यांचा बळी जातो. दुखतंय म्हणून लवंगेचं तेल लावायचा मोहही टाळलेला बरा, कारण त्यातला युजेनॉल नावाचा घटक तुकडा चिकटवायच्या रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

इथे एक फरक ध्यानात घ्यायलाच हवा, कारण त्यावरून सल्ला बदलतो. हातात आलाय तो तुकडा आहे की मुळासकट अख्खा दात? तुकडा लहान असतो आणि त्याची एक बाजू खडबडीत तुटलेली असते. अख्खा दात दिसतो त्यापेक्षा दुप्पट लांब असतो, खाली निमुळतं पिवळसर मूळ असतं. त्या मुळावर जिवंत पेशींचा थर असतो, आणि साध्या पाण्यात त्या पेशी फुगून मरतात. कायमचा दात मुळासकट पडला असेल तर मुळाला हात न लावता शुभ्र भागाने धरून, मळला असेल तर अलगद धुऊन, शक्य तितक्या लवकर परत खाचेत बसवायचा. ते जमत नसेल तर दुधात ठेवून धावत निघायचं. तिथे मिनिटं मोजावी लागतात. दुधाचा दात पडला तर तो परत कधीच बसवायचा नाही. तुटलेल्या तुकड्यात मात्र जपण्यासारखी जिवंत पेशीच नसते, त्याला फक्त ओलावा हवा असतो. त्यामुळे तुकडा दुसऱ्या दिवशी सापडला तरी टाकून देऊ नका.

पण दातासाठी घाई आहेच. तुटल्याजागी डेंटिन उघडं पडतं, आणि डेंटिनमध्ये दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नळ्या असतात. त्या थेट आतल्या नसेच्या, म्हणजे पल्पच्या दिशेने जातात. गार हवा लागली तरी मूल कळवळतं ते त्यामुळेच, आणि जंतूंनाही तीच वाट मिळते. म्हणून त्याच दिवशी पोचणं बरं.

आणि दाताच्याही आधी डोकं. मूल क्षणभरही बेशुद्ध झालं असेल, उलट्या होत असतील, गोंधळल्यासारखं बोलत असेल, किंवा तोंड मिटल्यावर दात पूर्वीसारखे जुळत नसतील तर आधी हॉस्पिटल गाठायचं. तुकडा डबीत थांबेल.

तुकडा सापडलाच नाही तर? ओठ फुटून सुजला असेल तर तो ओठातच रुतलेला असण्याची शक्यता असते. पडताना खालचा ओठ दाताखाली येतो, कोपरा त्यात घुसून तुटतो आणि सुजेत दिसेनासा होतो. वरून जखम शिवली, की आत कडक गाठ राहते आणि ती पुढे चिघळते. त्यामुळे तुकडा गायब आणि ओठाला जखम अशी जोडी असेल तर डॉक्टरांना ओठाचा एक्स-रे काढायची आठवण करून द्यायला अजिबात संकोच करू नका. मूल सतत खोकत असेल, श्वासात घरघर असेल तर छातीचाही एक्स-रे लागतो.

आता खुर्चीकडे वळू. या मुलाचा दात हलत नव्हता, एक्स-रेत मुळाला तडा नव्हता. तुटलेल्या पृष्ठभागाच्या मधोमध एक गुलाबी छटा दिसत होती, पण रक्त नव्हतं. म्हणजे नस उघडी पडलेली नाही, पण अगदी जवळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे. अशा ठिकाणी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा छोटासा थर देऊन त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंट लावतात, आणि तुकड्यात त्यापुरती आतून जागा करतात. लाल ठिपका असता आणि रक्त येत असतं तरी लगेच रूट कॅनलच, असं नाही. कोवळ्या दातात साधारण दोन मिलिमीटर पल्प काढून वर औषध लावतात, उरलेली नस बऱ्याचदा जिवंत राहते आणि मूळ वाढत राहतं. लहान मुलाच्या अशा दाताला कोणी पहिल्याच दिवशी रूट कॅनल सुचवलं तर कारण जरूर विचारा.

मग चिकटवणं. तुकडा इतका लहान असतो की चिमट्यात निसटतो, म्हणून त्याला समोरून एक चिकट काडी लावून धरतात. दात थुंकीपासून वेगळा राहावा म्हणून रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावतात. मग साधारण 37 टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्लाचं जेल इनॅमलला जवळपास 30 सेकंद, डेंटिनला त्याहून कमी, आणि दोन्ही बाजूंना, म्हणजे दाताला आणि तुकड्याला. धुतल्यावर इनॅमल दंव पडल्यासारखं फिकट दिसतं. डेंटिन मात्र पूर्ण कोरडं करत नाहीत, हलकी ओल ठेवतात, कारण तेच कोलॅजन. मग बॉन्डिंग, मग कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा पातळ प्रकार, आणि तुकडा जागेवर. कडेने नख अडखळत नाही ना ते पाहून पुढून-मागून निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात.

आम्लाची ही युक्ती मायकल ब्युनोकोर यांनी 1955 साली मांडली. तेव्हा आम्ल 85 टक्क्यांचं होतं. तुटलेला तुकडा परत बसवल्याची पहिली नोंद 1964 सालची. चोसॅक आणि आयडेलमन यांनी तेव्हा तो धातूच्या खुंटीच्या आधाराने बसवला होता. आज खुंटी सहसा लागत नाही.

नुसता चिकटवलेला तुकडा मूळ दाताइतका मजबूत होत नाही, त्याच्या पासंगालाही पुरत नाही असं कधी कधी दिसतं. म्हणून बरेच दंतवैद्य जोडरेषेवर समोरून उथळ चर काढून त्यावर कॉम्पोझिटचा थर देतात. त्याने ताकद चांगलीच वाढते आणि रेषाही झाकली जाते. माझं मत, ही पायरी गाळू नये. तुकड्याच्या कडा चुरल्या असतील, त्याचे चार तुकडे झाले असतील किंवा तडा हिरडीखाली खोल गेला असेल, तर मात्र चिकटवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा कॉम्पोझिटने दात घडवणं शहाणपणाचं.

मुलाच्या आईला त्या दिवशी एकच शंका होती: "डॉक्टर, हा पांढरा डाग असाच राहणार का?" वीस मिनिटांच्या भिजवण्याने तुकड्याचा रंग पुरता जुळला नव्हता. "लगेच पॉलिश-बिलिश काही करायला नको," डॉक्टर म्हणाले. "थुंकीतलं पाणी आत मुरू द्या, काही दिवस थांबू." बहुतेक वेळा रंग तसा परत येतो.

पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, मग वर्षाने. पहिल्या भेटीत गार लावून केलेल्या चाचणीला दात प्रतिसाद देत नसेल तर नस मेली असं लगेच धरायचं नाही. मार बसलेला दात काही आठवडे सुन्न राहू शकतो. दात राखाडी होत जाणं, हिरडीवर पुळी येणं, चावताना दुखणं, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसणं, ही लक्षणं एकापेक्षा जास्त एकत्र आली की उपचार बदलतात. घरी पहिले काही दिवस मऊ जेवण, मऊ ब्रश, आणि समोरच्या दाताने काही फोडणं किंवा नखं कुरतडणं बंद.

जोडलेला तुकडा सहसा सुटतो तो पुन्हा मार लागल्याने किंवा कडक काही चावल्याने. सुटला आणि अख्खा असला, तर परत डबीत पाणी, परत दवाखाना. तोच तुकडा पुन्हा चिकटवता येतो.