छातीत जळजळ नाही, तरी घशात अ‍ॅसिड? या निदानाची मागची गोष्ट

घसा सारखा खाकरावा लागतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सकाळी आवाज बसलेला असतो, आणि डॉक्टर म्हणतात "अ‍ॅसिडिटी आहे". आपण म्हणतो अहो पण मला छातीत कधीच जळजळ होत नाही, तर उत्तर येतं की हा सायलेंट रिफ्लक्स, म्हणजे जळजळ न होता पोटातलं अ‍ॅसिड वर येणं, आणि हातात तीच गोळी पडते जी शेजारच्या माणसाला छातीतल्या जळजळीसाठी मिळालेली असते. बहुतेक घोळ या "तीच गोळी"मध्ये आहे, आणि तो कसा झाला हे बघायचं तर जरा मागे जावं लागतं.

छातीतल्या जळजळीचं कोडं आधी सुटलं. १९३५ मध्ये विंकेलस्टाइन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं की जठरातला रस वर येऊन अन्ननलिकेला सूज आणत असावा. पुढे १९७०च्या दशकात नाकातून बारीक नळी टाकून २४ तास अन्ननलिकेतलं अ‍ॅसिड मोजायची पद्धत आली, मग १९८०च्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल आलं, म्हणजे अ‍ॅसिड कमी करणाऱ्या पीपीआय गटातलं पहिलं औषध. जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी रोज एक गोळी, साधारण ८ आठवडे, आणि बऱ्याच लोकांची जळजळ थांबते. कारण सरळ आहे, इथे त्रास देणारं मुख्य अ‍ॅसिडच आहे आणि गोळी तेच कमी करते.

घशाची गोष्ट मात्र वेगळ्याच लोकांनी सुरू केली, पोटाच्या नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी. १९६८ मध्ये चेरी आणि मार्ग्युलिस यांनी स्वरयंत्रावर व्रण असलेल्या मोजक्या पेशंट्सबद्दल लिहिलं, ज्यांच्यात मूळ रिफ्लक्स निघाला आणि त्यावर उपचार केल्यावर व्रण भरला. त्याच वर्षी डेलाहंटी आणि चेरी यांनी कुत्र्यांच्या स्वरतंतूंवर जठररस पुन्हापुन्हा लावून बघितला तर तिथे गाठी तयार झाल्या. म्हणजे पोटातलं पाणी स्वरयंत्राला इजा करू शकतं एवढं दिसलं. पण "करू शकतं" आणि "तुमच्या घशात तेच करतंय" यात बरंच अंतर आहे, आणि पुढची पन्नास वर्षं याच फटीवर वाद चाललाय.

मोठं वळण आलं १९९१ मध्ये. जेमी कॉफमन यांनी घशाच्या तक्रारी असलेल्या २२५ पेशंट्सचा अभ्यास छापला, २४ तासांची अ‍ॅसिड मोजणी लावून. त्यातून जे चित्र पुढे आलं ते आजही सांगितलं जातं: छातीतली जळजळवाला माणूस बहुधा जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर त्रासतो, घशावाला मात्र दिवसा, उभा-बसलेला असतानाही त्रासतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना छातीत जळजळ नसतेच. कारण असं दिलं जातं की अन्ननलिका रोज थोडंफार अ‍ॅसिड सहन करायला तयार असते, ती आकुंचन पावून ते खाली ढकलते, लाळेतला अल्कली ते मारतो, स्वरयंत्राकडे मात्र एवढं संरक्षण नाही, त्यामुळे तिथे थोडासा फवाराही पुरतो.

त्यात पेप्सिनची भर पडली. पेप्सिन म्हणजे प्रथिनं पचवणारं जठरातलं एन्झाइम. ते वर येऊन घशाच्या पेशींवर आणि पेशींच्या आतही बसून राहतं आणि पुन्हा अ‍ॅसिड मिळालं की जागं होतं असं प्रयोगशाळेत दिसलं. आता गोळी फक्त अ‍ॅसिड कमी करते, वर येणारं पाणी थांबवत नाही. त्यामुळे जळजळीला जी गोळी पुरते ती घशाला कमी का पडते याचं एक पटण्यासारखं कारण मिळालं, आणि अल्जिनेटचं सिरप वापरायची कल्पनाही त्यातूनच जोर धरू लागली, जे जेवणानंतर जठरातल्या अन्नावर तवंगासारखा थर करतं.

मग २००२ मध्ये एक प्रश्नावली आली, आरएसआय. नऊ तक्रारी, प्रत्येकीला ० ते ५ गुण, १३ च्या वर गेलात तर रिफ्लक्सचा संशय. सोपी, फुकट, दोन मिनिटांची, त्यामुळे जगभर पसरली. आणि माझ्या मते गाडी इथेच घसरली.

समजा एक शिक्षिका आहे, दिवसभर बोलणारी. आवाज बसणं ३, खाकरणं ५, घशात कफ ४, गोळा अडकल्यासारखं ४, खोकला २, छातीत जळजळ ०, बाकी सगळं ०. बेरीज १८. पण हेच १८ नाकाच्या अ‍ॅलर्जीत येऊ शकतात, आवाजाच्या अतिवापरात येऊ शकतात, किंवा नुसत्या खाकरण्याच्या सवयीतही, कारण खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, मग कफ असल्यासारखं वाटतं, मग अजून खाकरतो. कॅमेऱ्याने बघितलं तरी सुटका नाही, २००२ च्याच एका अभ्यासात १०५ निरोगी लोकांपैकी ८६ टक्क्यांच्या घशात "रिफ्लक्सची" समजली जाणारी किमान एक खूण सापडली.

मग व्हायचं ते झालं. २००६ मध्ये वेझी आणि सहकाऱ्यांनी १४५ जणांना १६ आठवडे दिवसातून दोनदा एसोमेप्राझोल किंवा खोटी गोळी दिली, फरक दिसला नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधली मोठी ट्रायल आली, सुमारे साडेतीनशे लोक, पुन्हा १६ आठवडे, ३० मिलिग्रॅम लॅन्सोप्राझोल दिवसातून दोनदा. आरएसआयचा सुरुवातीचा सरासरी स्कोअर २२, शेवटी औषधवाल्यांचा १७.४ आणि खोट्या गोळीवाल्यांचा १५.६. म्हणजे बरं दोघांनाही वाटलं, पण औषधामुळे नाही, आणि "मला तर गोळीने फरक पडला" असं कुणी सांगतं तेव्हा हे आकडे आठवावेत. याचा अर्थ घशातला रिफ्लक्स खोटा आहे असं नाही हां, अर्थ एवढाच की नुसत्या लक्षणांवरून निवडलेल्या गर्दीत खरे रिफ्लक्सवाले हरवून जातात.

म्हणून २०२२ ची अमेरिकन गाइडलाइन रस्ता वेगळा करते. घशाबरोबर जळजळ किंवा आंबट पाणी वर येणं असेल तर पीपीआय दिवसातून दोनदा, ८ ते १२ आठवडे देऊन बघा. फक्त घसाच असेल तर गोळीच्या आधी रिफ्लक्सची टेस्ट करा. आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा सल्ला असा की आवाज ४ आठवड्यांत सुधारला नाही तर आधी स्वरयंत्र बघायचं, कारण गोळ्यांचा कोर्स करत बसण्यात गाठ किंवा कॅन्सरचं निदान लांबू शकतं. गिळताना अडकणं, वजन उतरणं, रक्त, मानेत गाठ, असं काही असेल तर ४ आठवडेही थांबू नये.

आपल्या शिक्षिकेचं पुढे कसं होईल? कॅमेऱ्यात गाठ वगैरे नाही, थोडी लाली फक्त. गोळी बंद ठेवून २४ तासांची टेस्ट. त्यात रिफ्लक्स निघाला तर गोळी, जोडीला अल्जिनेट, रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. टेस्ट नॉर्मल आली तर डोस वाढवण्यात काही हशील नाही. गोळी बंद, नाकाची अ‍ॅलर्जी आहे का ते तपासायचं आणि व्हॉइस थेरपिस्टकडे जायचं, जिथे पहिलं काम बहुधा हेच असतं की खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्या किंवा कोरडंच जोरात गिळा, पण खाकरू नका.