त्वचेचा आजार दुरून दाखवताना: व्हिडिओ कॉल आणि फोटो एक नव्हेत

व्हिडिओ कॉल सगळ्यांना येतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. पेशंट आणि त्वचारोगतज्ज्ञ एकाच वेळी स्क्रीनवर असतात, बोलतात, शंका तिथल्या तिथे विचारतात. दुसऱ्या पद्धतीत पेशंट फोटो आणि माहिती पाठवून ठेवतो, डॉक्टर सवडीने ते मोठ्या स्क्रीनवर बघतात आणि नंतर सल्ला कळवतात. नाव दोन्हींना एकच, टेलिडर्मॅटॉलॉजी. वेळ, फी, नेट यांतले फरक कुणालाही कळतात, ते सोडून देते.

गाडी अडते ती एका समजुतीवर: "लाइव्ह दाखवलं म्हणजे डॉक्टरांना जास्त नीट दिसलं." त्वचेच्या बाबतीत हे बहुतेक वेळा उलटं असतं. चांगल्यातल्या चांगल्या नेटवरही कॉलचं चित्र साधारण १२८० बाय ७२० ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम नऊ लाख ठिपके. साध्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्याचा १२ मेगापिक्सेलचा फोटो एक कोटी वीस लाखांचा. शिवाय कॉल चालू राहावा म्हणून ॲप चित्र सतत दाबत असतं, आणि नेट जरा मंदावलं की सर्वांत आधी बारीक तपशील जातात. आम्हा त्वचारोगतज्ज्ञांना नेमके तेच हवे असतात. खवले आहेत का, चट्ट्याची कड उचललेली आहे की सपाट, पुटकुळीच्या टोकाला पू आहे की पाणी. कॉलवर हे सगळं मिळून एक तांबूस डाग दिसतो. सावळ्या त्वचेवर तर लाली तांबूसही दिसत नाही, जांभळट किंवा करडी दिसते, आणि कॅमेऱ्याने रंग आपणहून "सुधारला" की तीही जाते. "आता दिसतंय का डॉक्टर?" म्हणत ट्यूबलाइटखाली फोन फिरवणाऱ्यांना माझं ठरलेलं उत्तर आहे: नाही दिसत, फोन ठेवा आणि फोटो पाठवा.

मग कॉल कशासाठी? बोलण्यासाठी. फोटो प्रश्न विचारू शकत नाही, आणि फोटोच्या पद्धतीची खरी उणीव हीच आहे. पंधरा फोटो येतात, सोबत एकच ओळ, "खाज येते, औषध सांगा." कॉलवर मी दोन मिनिटांत विचारून घेतलं असतं. फोटो पाठवताना ते सगळं पेशंटने आधीच लिहून द्यायला हवं.

गोंधळात नियमांचीही भर पडते. २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार काही औषधं पहिल्या सल्ल्यात लिहायची तर व्हिडिओवर बोलणं लागतं, आणि त्या यादीत त्वचेची काही साधी मलमंही आहेत. त्यावरून लोक धरून चालतात की व्हिडिओ झाला म्हणजे काम झालं. नियमासाठी व्हिडिओ लागतो, निदानासाठी फोटो लागतात. माझा आग्रह म्हणून एकाच क्रमाचा: आधी फोटो आणि माहिती, मग छोटा कॉल.

फोटो किती? चार पुरतात. पहिला लांबून, शरीराचा तो भाग ओळखू येईल असा आणि पुरळ कुठवर पसरलंय ते दाखवणारा. दुसरा मध्यम अंतरावरून. तिसरा जवळून, साधारण वीत-दीड वीत अंतर ठेवून, शेजारी शाळेची पट्टी धरून. चौथा तिरका, खिडकीचा उजेड बाजूने येईल असा, म्हणजे उंचवटा सावलीने कळतो. दिवसाचा उजेड, फ्लॅश बंद, मागे साधी चादर. पिवळा बल्ब नको, ब्यूटी मोड तर मुळीच नको. सेल्फी कॅमेऱ्याऐवजी घरातल्या कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगा. झूम करून काढू नका, स्क्रीनवर चट्ट्यावर बोट टेकवून फोकस करा आणि पाठवण्याआधी फोटो मोठा करून बघा. तुम्हाला खवले दिसत नसतील तर मलाही दिसणार नाहीत. हळद, पावडर, मलम आधी धुऊन टाका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

माहिती कशी उपयोगी पडते त्यासाठी नेहमी येणारी नमुन्याची केस घेऊ. तिशीतला ट्रकचालक, जांघेत चार महिन्यांपासून खाज. कॉलवर दिसतो एक गडद, पसरट डाग. त्यावरून गजकर्ण म्हणता येईल, इसब म्हणता येईल, घामोळंही म्हणता येईल. नीट काढलेल्या फोटोत मात्र वर्तुळाच्या आत वर्तुळ दिसतं, बाहेरची कड पुसट, खवले फार थोडे, आणि आजूबाजूला कातडी ताणल्याच्या रेषा. गजकर्णाची ठळक खवलेदार कड इथे कुणीतरी मोडली आहे.

कुणी, ते माहितीत कळतं. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवसांत आराम, बंद केली की आठवड्यात पुन्हा, आणि दर वेळी थोडं मोठं. ट्यूबच्या मागच्या बाजूच्या फोटोत क्लोबेटासोल वाचता येतं. हे जोरदार स्टिरॉइड. ते खाज आणि लाली दाबतं, पण गजकर्णाच्या बुरशीला मोकळं रान मिळतं, आणि लावणं-सोडणं चालू राहिलं की एकात एक वर्तुळं उठतात. बायको आणि मुलगाही खाजवतात, हे त्याने लिहिलंय. एवढ्यावरून पुढचं ठरतं. ती ट्यूब बंद. जवळच्या लॅबमध्ये खवले खरवडून त्यांत बुरशी आहे का हे बघणारी केओएच तपासणी. बुरशीचं औषध काही आठवडे, आणि घरातल्या तिघांचे उपचार एकदमच. ट्यूब बंद केल्यावर सुरुवातीला लाली आणि खाज वाढू शकते, हे त्याला आधीच सांगावं लागतं, नाहीतर तो तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच ट्यूब उघडतो.

म्हणून "मलम लावलं होतं" हे वाक्य मला निरुपयोगी आहे. ट्यूबच्या दोन्ही बाजूंचा फोटो हवा. बाकी पाच-सहा ओळी: कधी आणि कुठे सुरू झालं, कसं पसरलं, खाज की आग की वेदना, घरात आणखी कुणाला आहे का, मधुमेह किंवा इतर आजार, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, औषधाची ॲलर्जी. गेल्या दोन महिन्यांत सुरू झालेल्या गोळ्या तर नक्कीच लिहा, आकडीच्या आणि संधिवाताच्या धरून. "त्याचा त्वचेशी काय संबंध" म्हणून पेशंट नेमक्या त्याच गाळतात.

काही गोष्टी दोन्ही पद्धतींत बसत नाहीत. फिकट चट्ट्यावर स्पर्श कमी कळतो का, हे कापूस लावून बघावं लागतं, कारण कुष्ठरोगाची शंका फोटोने फिटत नाही. रंग किंवा आकार बदलणारा तीळ डर्मोस्कोप नावाच्या खास भिंगाखालीच बघायचा. आणि नवीन गोळी सुरू झाल्यावर ताप, अंगावर फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी सुटणं असं काही दिसलं तर फोटो काढत बसू नका. गोळीचं पाकीट सोबत घेऊन थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.