डोळा फिरवताना दुखतो, पण तपासणीत काही दिसत नाही

समजा, एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीचा उजवा डोळा वर किंवा बाजूला फिरवताना खोबणीच्या आत दुखू लागला आणि दोन-तीन दिवसांत त्याच डोळ्याला मधोमध धूसर दिसू लागले. एकेक डोळा झाकून पाहिल्यावर डाव्या डोळ्याला लालभडक दिसणारी ओढणी उजव्याला विटलेली दिसते. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग होत नाही.

हा ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे दृष्टिपटलाकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतातंतूचा दाह. या चेतातंतूच्या आवरणाला खोबणीच्या टोकाशी डोळा हलवणारे काही स्नायू चिकटलेले असतात. त्यामुळे डोळा फिरला की सुजलेले आवरण ताणले जाते आणि दुखते. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत दाह डोळ्यामागे असल्याने डोळ्याच्या आतल्या तपासणीत सारे निरोगी दिसते, आणि रुग्णाच्या तक्रारीवरच शंका घेतली जाते. खरे तर साधी बॅटरी इथे उपयोगी पडते. प्रकाशझोत निरोगी डोळ्यावरून आजारी डोळ्यावर नेला, की त्याची बाहुली आकुंचन पावण्याऐवजी मोठी होते, कारण त्या चेतातंतूतून प्रकाशाचा संदेश क्षीण होऊन पोहोचतो. हे रुग्णाला हवे म्हणून करता येत नाही.

दाहात चेतातंतूवरचे मायलिनचे वेष्टन झिजते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूत व मज्जारज्जूत हेच घडत असल्याने मेंदूचा एमआरआय काढतात. अमेरिकेत 1988 पासून 457 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मायलिन झिजल्याचा एकही डाग नसलेल्यांपैकी सुमारे 25 टक्क्यांना, तर एक वा अधिक डाग असलेल्यांपैकी 72 टक्क्यांना पंधरा वर्षांत मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. त्यातले बहुतेक रुग्ण गौरवर्णीय होते आणि भारतात हा आजार तुलनेने कमी आढळतो. म्हणून हे आकडे आपल्याकडच्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत.

त्याच चाचणीत शिरेतून तीन दिवस दिलेल्या मोठ्या मात्रेतील स्टेरॉइडमुळे दृष्टी लवकर सुधारली, परंतु वर्षाअखेरीस औषध न घेतलेल्यांपेक्षा ती फारशी सरस नव्हती. नेहमीच्या मात्रेतील नुसत्या गोळ्या घेतलेल्यांत मात्र दाह पुन्हा होण्याचे प्रमाण वाढले.

आपल्या उदाहरणातील तरुणीला बहुधा दोन-तीन आठवड्यांत अधिक स्पष्ट दिसू लागेल, तरी रंग थोडे फिके राहू शकतात आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतर किंवा व्यायामानंतर नजर तात्पुरती मंदावू शकते. उष्णतेने झिजलेल्या तंतूंतील संदेशवहन अडखळते; तो नवा झटका नव्हे. मात्र दोन्ही डोळे एकदम गेले, दृष्टी जवळजवळ नाहीशी झाली किंवा काही आठवड्यांत मुळीच सुधारली नाही, तर अॅक्वापोरिन-4 आणि मॉग या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करावी लागते. ही प्रतिपिंडे आढळणारे आजार मल्टिपल स्क्लेरोसिसहून वेगळे असून, त्याची काही औषधे अॅक्वापोरिन-4 प्रतिपिंडांच्या आजारात तर अपायकारक ठरतात.