पासवर्ड बदलला, मग जुना डेटा का उघडत नाही?

‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर बोट ठेवलं, ईमेलवर आलेला कोड टाकला, नवा पासवर्ड दिला, की काही सेवांमध्ये सगळे फोटो आणि कागदपत्रं जशीच्या तशी समोर येतात. काही सेवांमध्ये मात्र खातं उघडतं, पण आतला जुना मजकूर वाचताच येत नाही. जाहिरातीत दोन्हीकडे ‘तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ असंच लिहिलेलं असतं, आणि ते दोन्हीकडे खरंही असतं. फरक पडतो तो किल्ली कोणाकडे आहे यामुळे.

पहिल्या प्रकारात डेटा कंपनीच्या डिस्कवर कूटबद्ध करून ठेवलेला असतो. याला ‘एन्क्रिप्शन ॲट रेस्ट’ म्हणतात. डिस्क चोरीला गेली किंवा नीट न पुसता भंगारात गेली, तरी चोराच्या हाती निरर्थक बाइट्स लागतात. पण तुम्ही फोटो मागता तेव्हा सर्व्हर तो स्वतः उलगडून पाठवतो, म्हणजे किल्ली कंपनीकडेच असते. तुमच्या पासवर्डचा त्या किल्लीशी काहीही संबंध नसतो. ‘हा माणूस खरंच तोच का’ एवढंच पासवर्डवरून ठरतं आणि तेच ईमेलवरच्या कोडवरूनही ठरवता येतं. म्हणून पासवर्ड विसरला तरी डेटाला धक्का लागत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: चालू सर्व्हरवर ताबा मिळवणारा हल्लेखोर, अधिकार असलेला कर्मचारी किंवा न्यायालयाचा आदेश यांच्यापुढे हे कवच टिकत नाही.

एंड-टू-एंड प्रकारात डेटा तुमच्या फोनवरून निघण्याआधीच कूटबद्ध होतो आणि तो उलगडणारी किल्ली सर्व्हरला कधीच मिळत नाही. टिपणं साठवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये नेमकं काय घडतं ते पाहू. खातं उघडताना फोन २५६ बिटांची एक यादृच्छिक किल्ली तयार करतो. तिला डेटा-किल्ली म्हणू. शक्य किल्ल्यांची संख्या लिहायला ७८ अंक लागतात, त्यामुळे एकेक किल्ली लावून पाहणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही. एवढी किल्ली माणसाच्या लक्षात राहणंही शक्य नाही, म्हणून तुमच्या पासवर्डपासून दुसरी एक किल्ली बनवली जाते. त्यासाठी पीबीकेडीएफ२ किंवा आर्गॉन२ या पद्धती वापरतात. पीबीकेडीएफ२ मध्ये तेच गणित लाखो वेळा करायला लावतात. ६,००,००० फेऱ्या हा आज सर्रास वापरला जाणारा आकडा आहे. तुम्हाला लॉग-इनच्या वेळी क्षणभर थांबावं लागतं, पण पासवर्डचा अंदाज बांधणाऱ्याला प्रत्येक अंदाजामागे तेवढीच मेहनत पडते. तरीही पासवर्ड ‘123456’ असेल तर या फेऱ्याही वाचवू शकत नाहीत.

पासवर्डपासून बनलेल्या या किल्लीने डेटा-किल्ली कुलूपबंद केली जाते आणि ते बंद पाकीट सर्व्हरवर ठेवलं जातं. पासवर्ड आठवत असताना तो बदलायचा असेल तर काम सोपं असतं. ॲप जुन्या पासवर्डने पाकीट उघडतं, डेटा-किल्ली काढतं आणि नव्या पासवर्डच्या पाकिटात ठेवतं. हजारो टिपणांना हातही लावावा लागत नाही. विसरलेल्या पासवर्डची गोष्ट वेगळी. ईमेलच्या कोडने तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध होतं, सर्व्हर तुम्हाला आतही घेतो, पण पाकीट जुन्याच पासवर्डने बंद असतं. ग्राहक-सेवेतल्या माणसाला कितीही मदत करावीशी वाटली तरी त्याच्याकडे देण्यासारखं काहीच नसतं.

यावर तोडगा म्हणजे त्याच डेटा-किल्लीचं दुसरं पाकीट, आधीच करून ठेवलेलं. प्रोटॉन मेलमध्ये त्यासाठी १२ शब्दांचं रिकव्हरी वाक्य असतं. ॲपलच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’मध्ये रिकव्हरी-की किंवा विश्वासातला माणूस नेमावा लागतो. व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावता येते. फोनवरच्या चॅटही गेल्या आणि तीही विसरली, तर तो बॅकअप परत मिळत नाही. दुसरं पाकीट बनवायला डेटा-किल्ली हाती असावी लागते, त्यामुळे कुलूप लागल्यानंतर ते बनवता येत नाही.

तुमची सेवा कोणत्या प्रकारची हे ओळखायची एक खूण आहे. नव्या, कोऱ्या उपकरणावर केवळ ईमेलचा कोड देऊन पासवर्ड बदलला आणि रिकव्हरी-की किंवा जुनं उपकरण काहीही न मागता जुना डेटा उघडला, तर किल्ली कंपनीकडे आहे. ही परीक्षा खऱ्या खात्यावर घेऊ नका. रिकामं खातं काढा, त्यात एक टिपण ठेवा आणि मग पाहा.

पासवर्ड आठवत नाही, पण जुन्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ॲप अजून उघडं आहे, असं असेल तर तिथून लॉग-आउट करू नका आणि ॲप काढूनही टाकू नका. उलगडलेली डेटा-किल्ली बहुधा त्याच उपकरणात असते. आधी तिथूनच सगळा डेटा एक्स्पोर्ट करून घ्या, सेटिंगमध्ये रिकव्हरी-की बनवण्याची सोय असल्यास ती बनवा, आणि पासवर्ड रीसेट करायला त्यानंतर हात घाला.