वेबिनार-निमंत्रण

कंपनीने आपल्या वेबिनारसाठी ग्राहक, विक्रेते, पुरवठादार अशा बाहेरच्या पाहुण्यांना पाठवलेले लेखी बोलावणे. ‘वेबिनार’ हा वेब आणि सेमिनार यांचा जोडशब्द. अमेरिकेत एरिक कॉर्ब यांनी १९९८ च्या सुमारास त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. त्यावरून काही जण त्यांनाच शब्दाचे जनक मानतात. नोंदणी म्हणजे निर्मिती नव्हे, हे लक्षात घेता शब्द आधीच तोंडी रुळत असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठीत ‘आंतरजालीय चर्चासत्र’ हा पर्याय सुचवला गेला, तरी पत्रिकांवर वेबिनारच छापले जाते.

या निमंत्रणात सर्वाधिक घोटाळा वेळेचा होतो. ‘आयएसटी’ हे लघुरूप भारताप्रमाणेच इस्राएल आणि आयर्लंड यांच्या वेळेलाही लावतात. त्यामुळे ‘भारतीय वेळ’ असे पूर्ण लिहून शेजारी पाहुण्यांच्या शहरांची वेळ देणे इष्ट. समजा, पुण्यातील कंपनीचा वेबिनार गुरुवार, १२ मार्च २०२६ रोजी सायंकाळी ६.३० वाजता आहे. तेव्हा दुबईत ५, लंडनमध्ये दुपारचा १ आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजलेले असतात. अमेरिकेतील घड्याळे ८ मार्चलाच तासभर पुढे सरकलेली असल्याने फेब्रुवारीच्या निमंत्रणातील ‘सकाळी ८’ तसेच उचलले, तर तिथला पाहुणा तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्यासमोर बसतो. ब्रिटनमधील बदल मात्र २९ मार्चला होतो.

सोबत जोडलेल्या कॅलेंडर फाइलमध्ये (`.ics`) ही वेळ जागतिक वेळेत अशी नोंदवता येते :

```
DTSTART:20260312T130000Z
```

शेवटचा `Z` जागतिक वेळ दर्शवतो. वेळविभाग न देता नुसते `20260312T183000` लिहिल्यास ती वेळ प्रत्येकाच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे धरली जाते आणि न्यूयॉर्कच्या पाहुण्यालाही सायंकाळचे ६.३० दिसतात.

दुसरी अडचण लिंकची. नोंदणीची लिंक सर्वांना एकच असते. नोंदणीनंतर येणारी प्रवेशाची लिंक मात्र अनेकदा त्या व्यक्तीपुरतीच असते. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली, तर दुसराच माणूस पहिल्याच्या नावाने आत येतो. काही वेळा कंपनीच्या खात्यांपुरताच प्रवेश खुला राहिलेला असतो. आयोजकाच्या संगणकावर लॉगिन आधीच झालेले असल्याने त्याला हे कळत नाही. लिंक खाजगी विंडोत किंवा कंपनीचे खाते नसलेल्या मोबाइलवर उघडली की लगेच कळते. वक्त्याला श्रोत्यांची लिंक गेली, तर तो आत येतो, पण त्याला बोलता येत नाही.

भाषा, कालावधी, ध्वनिमुद्रण होणार की नाही आणि अडचण आल्यास फोन कोणाला करायचा, हा तपशील निमंत्रणात लिंकखाली देण्याचा प्रघात आहे.