भाड्याचा ट्रॅक्टर की स्वतःचा? हिशेब तासांचा

गोव्यातल्या पेडण्यातले एक घर धरू. तीन एकर भातशेती, म्हणजे सुमारे १२,००० चौरस मीटर. पावसाळी भात आणि पाण्याची सोय असल्याने वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे दुसरे भातही. नांगरणी आणि दोनदा चिखलणी मिळून एकराला चार तास लागतात. दोन हंगामांचे झाले वर्षाला २४ तास.

आता रोटाव्हेटरसह छोटा ट्रॅक्टर सहा लाखांना घेतला आणि बारा वर्षांनी १ लाख २० हजारांना विकला असे समजा. दरवर्षी ४०,००० रुपये घसारा. अडकलेल्या पैशावर सरासरी ३६,००० रुपये व्याज. विमा आणि शेड यांचे दहा हजार. एकूण ८६,००० रुपये. ट्रॅक्टर खळ्यात नुसता उभा राहिला तरी हा खर्च चुकत नाही. चालवताना डिझेल, ऑइल, दुरुस्ती आणि चालक यांचे तासाला आणखी ५०० रुपये जातात.

भाडे तासाला १,००० रुपये धरले, तर स्वतःच्या ट्रॅक्टरने तासाला ५०० रुपये वाचतात. ८६,००० भागिले ५००, म्हणजे १७२ तास. वर्षाला एवढे काम असेल तेव्हा कुठे बरोबरी होते. आपल्या घराचे काम आहे २४ तासांचे! त्यांना भाड्यापोटी २४,००० लागतील, स्वतःच्या ट्रॅक्टरला ९८,०००. दर गावागणिक बदलतील. तुमच्या गावचे आकडे घालून हाच भागाकार करा.

यावर शेतकरी म्हणतो, 'भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही.' ही तक्रार खरी आहे. जूनमध्ये पाऊस लागला की सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो. चिखलणी लांबली की तरवा वाफ्यातच जून होतो, लावल्यावर फुटवे कमी धरतो आणि उत्पन्न घटते. पण या नुकसानीचेही माप काढता येते. दोन्ही पर्यायांत ७४,००० रुपयांचा फरक आहे. भाताला क्विंटलमागे २,३०० रुपये धरले तर ते ३२ क्विंटल होतात. एकरी १६ क्विंटलप्रमाणे या घराचे दोन हंगामांचे पीक ९६ क्विंटल. म्हणजे उशिरामुळे दरवर्षी एक तृतीयांश पीक बुडत असेल, तरच केवळ वेळेसाठी ट्रॅक्टर घेणे परवडेल. आठवडाभराच्या उशिराने एवढे जात नाही.

उरलेले १४८ तास शेजाऱ्यांकडे भाड्याने चालवू, हा विचार चांगला आहे. पण रोज सात तास धरले तरी ते २१ दिवस होतात, आणि ते नेमके स्वतःच्या चिखलणीच्या दिवसांतच येतात. शिवाय खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातल्या खोल चिखलात ट्रॅक्टर रुततो. तिथे हलका पॉवर टिलरच लागतो.

भाड्याने घेताना मात्र काम सुरू होताना आणि संपताना ट्रॅक्टरवरच्या तासमापकाचा आकडा वहीत लिहून ठेवा. मेरा, म्हणजे बांध, जवळजवळ असलेल्या बारक्या कोपऱ्यांत, म्हणजे खाचरांत, वळण्यातच बराच वेळ जातो आणि तासाच्या भाड्यात तो तुमच्या माथी पडतो. अशा जमिनीला एकराचा दर ठरवलेला बरा. लांबट कोपऱ्यात लांबीच्या दिशेने चालवायला सांगितले, तर वळणे निम्म्याहून कमी होतात.