ताप उतरला, तरी हृदयाची सूज राहू शकते

“ताप उतरला की कबड्डीत घाम गाळावा, उरलेला आजार निघून जातो, हे खरे ना?”

नाही. कॉक्सॅकी-बी, इन्फ्लुएंझा किंवा कोविडचा विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो आणि ती ताप गेल्यावरही टिकते. समजा, मालवणच्या 22 वर्षांच्या खेळाडूला तापानंतर आठवड्याभराने छातीत दुखू लागले, धडधड वाढली, तर ते पित्त समजून घरी थांबू नये. ईसीजी आणि हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी ट्रोपोनिनची रक्तचाचणी त्याच दिवशी हवी. सुजलेल्या स्नायूवर जोराच्या श्रमाचा ताण पडल्यास हृदयाची लय अचानक बिघडून, क्वचित का होईना, मृत्यू ओढवतो. म्हणून अशी सूज आढळल्यास साधारण 3 ते 6 महिने कबड्डी, धावणे, अगदी रापणीचे मासेमारीचे जाळे ओढणेही बंद ठेवतात. बरे वाटणे हा पुरावा नव्हे. ट्रोपोनिन, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हृदयाची लय 24 तास नोंदवणारा होल्टर आणि ट्रेडमिल चाचणी समाधानकारक आल्यावरच डॉक्टर मैदानाची परवानगी देतात.